एकावर एक फ्री चष्मा: दुसरा चष्मा नक्की केवढ्याला पडतो?

मुक्ता_क
नमस्कार मंडळी. चष्मा बदलायचाय. नंबर उजवा -५.२५, डावा -५.००, सिलिंडर दोन्हीला -०.७५. दुकानाबाहेर भली मोठी पाटी, एकावर एक फ्री. आत गेल्यावर कळलं की फ्री म्हणजे दुसरी फ्रेम आणि "बेसिक काच", पण माझ्या नंबरला बेसिक चालणार नाही म्हणे, पातळ काच घ्यावीच लागेल आणि तिचे पैसे दोन्ही चष्म्यांना वेगळे. सगळ्यांच्या गावचे भाव वेगळे म्हणून रक्कम लिहीत नाही, पण पहिल्या चष्म्याची छापील किंमत १०० धरली तर दोन्ही मिळून १४० सांगितले. शिवाय एकच चष्मा घेतला तर ३०% सूट आहे, पण दोन्ही ऑफर एकत्र लागत नाहीत. दुसऱ्या चष्म्याची अगदीच नड आहे असं नाही, असला तर बरं एवढंच. घेऊ का?

अवखळ
यात विचार काय करायचा! १४० भागिले २ म्हणजे ७० ला एक पडला. १०० ची वस्तू ७० ला मिळतेय, घेऊन टाका. एकावर एक म्हणजे तसं सरळ ५०% असतं, तुमच्याकडून काचेचे जास्तीचे लावले म्हणून ३० वर आलं, तरी वाईट नाही.

निवांत
अवखळ, भागाकार बरोबर आहे हो पण प्रश्न भागाकाराचा नाही, वजाबाकीचा आहे. मी बरीच वर्षं काचा कापायच्या लॅबमध्ये आणि मग काउंटरवर काढली आहेत म्हणून सांगतो. मुक्ताताईंना एक चष्मा हवाच आहे. तो एकटा घेतला तर ३०% सूट लागून ७० ला. दोन घेतले तर १४०. म्हणजे "फ्री" चष्मा त्यांना ७० लाच पडतोय, पहिल्या इतक्याच भावाला! ऑफरने त्यांना काहीच दिलेलं नाही, फक्त दोन घ्यायला लावलेत.

आणि तुमचं ते सरळ ५०% फक्त एकाच वेळी खरं, जेव्हा दोन्ही चष्मे अगदी सारख्या किमतीचे असतात आणि दुसऱ्यावर काहीही वेगळं लागत नाही. दुसरा स्वस्त घेतला की टक्का लगेच खाली येतो कारण फ्री नेहमी कमी किमतीचा असतो. "दुसऱ्यावर ५०% सूट" असली पाटी असेल तर सगळं जुळून आलं तरी एकूण २५% च होतात.

मुक्ताताई, बिलाची फोड मागा. फ्रेम किती, बेसिक काच किती, पातळ करायचे किती, कोटिंगचे किती. फोड दिल्याशिवाय यावर कोणीही नीट बोलू शकणार नाही.

आबा_६३
माझापण अनुभव लिहितो. मी असाच एकावर एक मध्ये प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दूरचं आणि वाचायचं एकाच काचेत असलेला, चष्मा घेतला, पहिला छान, दुसरा घातला की जिना उतरताना पायरी हलल्यासारखी वाटते आणि वाचायला मान वर करावी लागते. नंबर दोन्हीत तोच आहे, मी दुसरीकडे तपासून घेतला. दुकानदार म्हणतो सवय होईल. सहा महिने झाले, सवय काही होत नाही, तो चष्मा कपाटात. त्यामुळे फ्रीच्या नादी लागू नका हेच सांगेन.

निवांत
आबा, मुक्ताताईंचा साधा दूरचा नंबर आहे त्यामुळे त्यांना हे लागू नाही, पण तुमचं कोडं सोडवायचा प्रयत्न करतो. प्रोग्रेसिव्हमध्ये नंबर बरोबर असून भागत नाही. काचेत वाचायची जागा किती खाली येणार हे फ्रेम प्रत्यक्ष तोंडावर ठेवून मार्करने बुबुळासमोर ठिपका काढून मोजावं लागतं, आणि ते प्रत्येक फ्रेमला वेगळं. पुष्कळदा पहिल्या फ्रेमवर घेतलेलं माप दुसरीला तसंच लिहून टाकतात. मान वर करावी लागते म्हणजे वाचायचा भाग तुमच्यासाठी खूप खाली बसलाय, हे त्याचंच लक्षण. दुसरं, फ्री चष्म्याला काच बहुधा जुन्या साध्या डिझाइनची देतात, तिच्यात बाजूचा धूसर भाग जास्त आणि मधला पट्टा अरुंद असतो, पायरी हलते ती त्याने. बिलावर दोन्ही काचांची नावं वेगळी आहेत का बघा. काचेवर अगदी बारीक कोरलेल्या खुणा असतात, उजेडासमोर तिरकी धरली की दिसतात, त्यावरून कोणताही जाणकार ऑप्टिशियन डिझाइन आणि माप दोन्ही सांगेल. माप चुकलं असेल तर काच बदलून मागायचा तुम्हाला हक्क आहे, सवयीचा प्रश्नच नाही.

आबा_६३
नावं वेगळीच आहेत! पहिल्याच्या नावापुढे काहीतरी आकडा आहे, दुसऱ्यापुढे नुसतं "स्टँडर्ड" लिहिलंय. उद्या जातो आणि विचारतो.

मुक्ता_क
फोड मिळाली, जरा कुरकुर करत दिली. फ्रेम ४०, बेसिक काच २०, पातळ १.६७ वाली करायचे २५ जास्त, कोटिंग पॅक १५. असे १००. दुसऱ्या चष्म्यात फ्रेम आणि बेसिक काच फ्री, २५ आणि १५ असे ४० भरायचे. कोटिंग पॅकमध्ये अँटिग्लेअर, स्क्रॅच, यूव्ही आणि ब्लू कट एकत्र आहे, सुटं मिळत नाही म्हणे.

निवांत
आता मजा बघा. ऑफर तुम्हाला ६० फुकट देते, ४० ची फ्रेम आणि २० ची काच. बदल्यात सगळ्यावरची ३०% सूट काढून घेते. दोन्ही चष्म्यांची मिळून छापील किंमत २००, तिच्यावरचे ३०% म्हणजे ६०. दिले तेवढेच घेतले, म्हणून फायदा शून्य. हा योगायोग नसतो बरं का, ऑफर बसवणारे हे बसवूनच ठेवतात.

पण दुसऱ्या चष्म्यात काय घेता त्यावर काटा इकडे तिकडे सरकतो. समजा दुसरी फ्रेम तुम्हाला २५ वालीच आवडली. ऑफरमध्ये तरीही १४० च भरायचे, कारण फ्रेम फ्री म्हणजे फ्री, स्वस्त घेतलीत म्हणून काही कमी होत नाही. तेच दोन चष्मे ३०% सुटीने सुटे घेतले तर ७० आणि ५९.५०, म्हणजे १२९.५०. ऑफर साडेदहाने महाग पडली.

उलट समजा दुसरी फ्रेम ४० चीच घेतली आणि काच बेसिक ठेवली, पातळ नको, पॅक नको. मग ऑफरमध्ये एकूण १००. म्हणजे दुसरा चष्मा ३० ला, आणि तोच सुटा सुटीत ४२ ला पडला असता. इथे १२ खरोखर वाचले. म्हणून या विशिष्ट ऑफरमध्ये धोरण असं की फुकट काय आहे तेच दुसऱ्या चष्म्यात भारीतलं घ्यायचं आणि पैसे लागतात ते शक्य तितकं टाळायचं. काउंटरवरचा माणूस नेमकं उलटं करवून घेतो.

अवखळ
मान्य, पण त्यांचा नंबर सव्वापाच आहे ना, बेसिक काच कशी चालेल? बाटलीच्या बुडासारखी दिसेल. आणि १.६७ सारख्या हाय इंडेक्स काचेतून दिसतंपण जास्त स्पष्ट, त्यामुळे त्यात काटकसर करू नये.

काजवा
जास्त स्पष्ट दिसतं हे बरोबर नाही अवखळ. हाय इंडेक्स काच पातळ होते एवढं नक्की, पण रंग फुटायचं प्रमाण तिच्यात उलट जास्त असतं. साध्या १.५० च्या प्लास्टिक काचेचा अॅबे आकडा ५८ च्या आसपास, १.६७ चा ३२ च्या आसपास, आणि आकडा जितका कमी तितकी काचेच्या कडेतून बघताना अक्षरांना रंगीत किनार जास्त. बऱ्याच लोकांना ती जाणवत नाही, काहींना खूप जाणवते. म्हणजे पातळपणासाठी पैसे द्या, स्पष्टपणासाठी देऊ नका.

आता बाटलीच्या बुडाचं. मायनस काच कडेला जाड असते आणि ती किती जाड हे नंबराइतकंच फ्रेमच्या मापावर ठरतं. मुक्ता, काडीच्या आतल्या बाजूला ५४-१८ असे आकडे छापलेले असतात, पहिला काचेची रुंदी आणि दुसरा नाकावरच्या पुलाचा. तुमच्या दोन बुबुळांमधलं अंतर किती आहे?

मुक्ता_क
६२. आवडलेली फ्रेम ५४-१८ च आहे, कसं ओळखलंत? दुसरी जी बघून ठेवली ती गोल आहे, तिच्यावर ४६-२२.

काजवा
ओळखलं नाही, मोठ्या फ्रेमची फॅशन आहे एवढंच :) 

बघा, ५४ आणि १८ ची बेरीज ७२, तुमचं अंतर ६२. म्हणजे प्रत्येक काचेचा मध्य ५ मिमी आत सरकवावा लागणार आणि कानाकडची कड मध्यापासून ३२ मिमी लांब जाणार. गोल फ्रेममध्ये बेरीज ६८, मध्य फक्त ३ मिमी सरकतो, कड २६ मिमी वर. जाडी या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे सहा मिमीचा फरक दिसतो त्याहून बराच मोठा आहे. -५.२५ साठी मोठ्या फ्रेममध्ये १.६७ ची काच कडेला साधारण सव्वापाच मिमी होईल. आणि गोल फ्रेममध्ये १.५६ ची काच साधारण ५ मिमी. हो, छोट्या फ्रेममधली स्वस्त काच मोठ्या फ्रेममधल्या महाग काचेपेक्षा जाड होत नाही, झाली तर जरा पातळच. सिलिंडर आणि फ्रेमचा आकार यामुळे थोडं कमीजास्त होईल पण चित्र बदलणार नाही.

एकच खात्री करा, त्यांची "बेसिक" म्हणजे १.५० आहे की १.५६. १.५० असेल तर गोल फ्रेममध्ये साडेपाचच्या आसपास जाईल, तीही काही भयंकर नाही.

तिरपागडा
मी तर म्हणतो सगळी लबाडी आहे. यूव्ही कोटिंग, ब्लू कट, स्क्रॅच, सगळी नावं पैसे काढायला. माझ्या आजोबांनी काचेची काच वापरली आयुष्यभर, काही झालं नाही.

काजवा
तिरपागडा, सगळं एका दावणीला बांधू नका. १.६७ चं मटेरियल मुळातच जवळपास सगळं यूव्ही अडवतं, त्यामुळे त्या काचेवर यूव्हीचे वेगळे पैसे म्हणजे तुमचं म्हणणं खरं. ब्लू कटचंही साधारण तसंच. २०२३ ला कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने १७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, स्क्रीनसमोर डोळे शिणण्यावर अशा काचांचा थोड्या काळात तरी फायदा होत नसावा असाच निष्कर्ष निघाला. पण अँटिग्लेअर ही लबाडी नाही. कोटिंग नसलेल्या साध्या काचेच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८% उजेड परत फिरतो, १.६७ असेल तर १२ च्या आसपास. रात्री समोरून गाडी आली की कळतं. म्हणजे काच जितकी पातळ मटेरियलची तितकी अँटिग्लेअरची गरज जास्त.

निवांत
आणि आतली गोष्ट म्हणजे १.५६ ची तयार काच कारखान्यातूनच बहुतेकदा अँटिग्लेअर लावून येते. मुक्ताताईंचा नंबर तयार काचांच्या आवाक्यात आहे, तो खास घडवून घ्यावा लागत नाही. त्यामुळे "बेसिक" काचेवर कोटिंगचे वेगळे १५ मागत असतील तर आधी ती काच दाखवा म्हणायचं. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्या काचेत बघा. पांढरं शुभ्र आणि ठळक दिसलं तर कोटिंग नाही. फिकं हिरवट किंवा निळसर दिसलं तर आहे, मग पॅक कशाला.

चष्मा ताब्यात घेताना काचेचं पाकीटही मागून घ्या, त्यावर इंडेक्स, नंबर आणि कोटिंग छापलेलं असतं. १.६७ चे पैसे घेऊन १.६० बसवली तर नुसत्या डोळ्यांनी ओळखणं मलाही अवघड जातं.

रेणुका
मध्येच विचारते, ही ऑफर दोन माणसांत वाटून घेता येते का? एक माझा, एक मुलाचा. मुलगा तेरा वर्षांचा, दर सहा-आठ महिन्यांनी नंबर वाढतोय. त्याला दोन चष्मे एकदम घेऊन ठेवण्यात अर्थ नाही ना?

निवांत
रेणुकाताई, काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी दोन्ही चष्मे एकाच नंबरचे आणि एकाच बिलात अशी अट असते. ते आधी विचारा, फ्रेम निवडून झाल्यावर नाही. वाटून घेता आलं तर ऑफरचा खरा उपयोग तिथेच आहे, कारण मग दोन्ही चष्मे हवेच होते, तुमच्यावर कोणी लादला नाही.

नंबर वाढतोय तोवर दुसरा चष्मा म्हणजे सहा महिन्यांचा माल. त्याची वजाबाकीतून आलेली किंमत सहा महिन्यांवर भागा, दोन वर्षांवर नाही. साखर वरखाली होत असेल किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल त्यांनाही हेच, नंबर स्थिर होईपर्यंत एकच.

सुलभा_ताई
मी नाही सहमत. तेराचा मुलगा म्हणजे चष्मा मोडणारच. माझ्या नातवाने शाळेच्या सहलीत चष्मा मोडला आणि दोन दिवस फळा न दिसता बसला. पडून राहिला तरी चालेल पण घरात दुसरा हवा. सगळं वजाबाकीत बसवता येत नाही.

निवांत
बसवता येतं की आजी, तुम्ही त्या दोन दिवसांची किंमत जास्त धरता एवढंच, आणि ते तुमच्या जागी बरोबरच आहे. पण मग जुन्या नंबरचा चष्मा टाकून न देता जपून ठेवा, अर्ध्या नंबराने कमी असला तरी दोन दिवस निभावतात.

सुलभा_ताई
जुना तर आधीच मोडलेला असतो हो!

मुक्ता_क
सगळ्यांचे आभार. बेसिक १.५६ आहे, काउंटरवर काच दाखवायला लावली, प्रतिबिंब हिरवट आलं. म्हणजे कोटिंग आहेच. आता विचार असा की पहिला ५४-१८ मध्ये १.६७ चा आणि दुसरा गोल फ्रेममध्ये बेसिक, एकूण १००. पण एक वेगळीच शंका आली. ३०% सुटीत गोल फ्रेम बेसिक काचेसकट एकटीच घेतली तर ४२. माझं काम तेवढ्यातच भागत असेल तर?

काजवा
हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि दुकानात तो कोणी तुम्हाला विचारणार नाही. आम्हीपण सगळे दोन चष्म्यांत अडकून बसलो होतो. ४२ आणि १०० मधला ५८ चा फरक म्हणजे मोठ्या फ्रेमची हौस आणि तिच्यामुळे लागलेली पातळ काच. हौस असेल तर जरूर करा, चेहरा तुमचा आहे.

अवखळ
म्हणजे शेवटी ऑफर घ्यायची की नाही? मी आता पूर्ण गोंधळलोय.

मुक्ता_क
अहो मीच गोंधळलेय. मोठी फ्रेम मनात भरलीय. एक सांगा, १०० चा सौदा केला आणि त्यातला मोठा चष्मा पसंत पडला नाही म्हणून परत केला तर किती पैसे परत मिळतात?

निवांत
इथेच बरेच जण अडकतात. काही ठिकाणी दोन्ही चष्म्यांवर रक्कम विभागून परत देतात, काही ठिकाणी ऑफर मोडली असं धरून ठेवलेल्या चष्म्याची पूर्ण छापील किंमत कापून घेतात. तुमच्या हिशोबात गोल चष्मा छापील ६० चा, म्हणजे १०० भरून परतीत ४० च येतील आणि गोल चष्मा ४२ ऐवजी ६० ला पडेल. काचा नंबरानुसार कापल्या की त्या परत घेतच नाहीत, फक्त फ्रेमचे देतात, अशीही दुकानं आहेत. आणि फ्री चष्म्याला वॉरंटी आहे का हेही विचारा, पुष्कळदा ती फक्त पैसे भरलेल्याला असते. जे काही म्हणतील ते बिलावर लिहून घ्या, तोंडी नको.

रेणुका
आणि दोन माणसांत वाटलेली ऑफर असेल तर? मुलाचा परत केला तर माझ्या चष्म्याचे पैसे वाढणार का?

निवांत
तसं प्रकरण माझ्या काउंटरवर कधी आलं नाही. कोणाला अनुभव असेल तर लिहा.